डावी कूस, उजवी खुर्ची

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी वॉर्डातल्या सिस्टर टेलरकाकांच्या डाव्या खुब्यावर बोट दाबून पाहत होत्या. लाल डाग दाबूनही पांढरा पडत नव्हता, म्हणजे एकाच कुशीच्या दाबाने कातडी आतून दुखावू लागली होती. पक्षाघाताने काकांची उजवी बाजू आणि वाचा गेली होती. आता या खुब्यावर जखम झाली तर महिनोन्‌महिने भरणार नव्हती.

काळजीच्या आराखड्यात निदान होतं ‘कातडीला इजेचा धोका’, ध्येय ‘आठवडाभर कुठेही लाली नको’, उपाय ‘दर दोन तासांनी कूस बदलणे’. मूल्यमापनात सिस्टरांनी लिहिलं, ‘साध्य नाही.’

“काकू, यांना परत डाव्या कुशीवर कोण वळवतं?” सिस्टरांनी पलंगाच्या डावीकडे खुर्चीवर बसलेल्या काकूंना विचारलं.

“मीच. उजवीकडे नुसती भिंत. चाळीस वर्षं माझ्याशी भांडले, आता भिंतीशी भांडू देऊ?”

काका घशातल्या घशात हसले.

सिस्टरांनी पलंग भिंतीपासून ओढला आणि काकूंची खुर्ची मधे बसवली. उपायांत दोन ओळी वाढल्या: ‘लाली जाईपर्यंत डावी कूस बंद, पाठीवर आणि उजवीकडे किंचित कलतं आलटूनपालटून. उजवीकडे कलतं असताना पत्नीची खुर्ची उजवीकडे.’

उद्या सकाळी सहाला खुबा पुन्हा तपासायचा आहे.