‘उद्या सांगते’ म्हणणाऱ्या हिराक्का

हिराक्का कुठल्याही गोष्टीचं उत्तर त्याच दिवशी देत नसत. बहिणीसोबत भूगावात राहायला आल्यावर मी त्यांच्याकडे डबा लावायला गेले, तेव्हा हातात यादी होती : दोन माणसं, तेल कमी, रविवारी सुट्टी, डबा साडेसातच्या आत. त्यांनी यादी ऐकली, पदराला हात पुसले आणि म्हणाल्या, “उद्या सांगते.”

मी म्हटलं, “यात उद्यावर ढकलण्यासारखं काय आहे? हो किंवा नाही.”

“तेच उद्या सांगते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या स्वतःच आमच्या सोसायटीच्या दारात डबा घेऊन उभ्या होत्या. पुढे ओळख वाढल्यावर मी विचारलं, तेव्हा कळलं की हे सगळ्याच गिऱ्हाइकांना असतं. “ज्याला एक दिस ‘उद्या’ सोसत न्हाई, त्याला मी डबा देत न्हाई. आज ‘उद्या’ ऐकून तोंड वाकडं करतो, उद्या मीठ कमी पडलं तर डबा फेकून मारंल.”

त्या पौडच्या अलीकडच्या एका वाडीतल्या. साठीच्या पुढच्या, बुटक्या, काटक. नवरा गेल्यावर भूगावात दोन खोल्या भाड्याने घेऊन पोळीभाजी चालवायच्या. मी पिरंगुटच्या एका कारखान्यात खरेदी विभागात आहे. माल आत घेण्याआधी तपासायचा, कागद जुळवायचे, मग सही करायची, हे माझं काम, आणि स्वभावही तोच. लग्न केलं नाही. लातूरहून धाकटी बहीण वैशाली माझ्याकडे राहायला आली, तेव्हा तिच्या घटस्फोटाला तीन वर्षं झाली होती. ती हिंजवडीला नोकरी करायची. तिचं दुसरं लग्न नीट जमावं, ही माझी जबाबदारी आहे असं मी धरून चालले होते. त्यासाठी माझ्या वहीत एकवीस कलमांची यादी होती.

लग्न जुळवण्याच्या संकेतस्थळावर निखिलचं स्थळ आलं. सूसला स्वतःचा फ्लॅट, चांगली नोकरी, घटस्फोटित. मी नोकरीची खात्री केली, कोर्टाचा हुकूम पाहिला, त्याच्या सोसायटीत जाऊन आले. एकवीसपैकी एकवीस खुणा. इतकं स्वच्छ स्थळ मी पाहिलंच नव्हतं.

बोलणं सुरू झाल्यावर तिसऱ्याच दिवशी त्याने वैशालीला लिहिलं, ‘तुझ्यासारखी मुलगी मला आयुष्यात भेटली नाही.’ पाचव्या दिवशी, ‘मी तुझ्याशिवाय जगू शकत नाही.’ सहाव्या दिवशी तिच्या ऑफिसात फुलांचा एवढा मोठा गुच्छ आला की तो टॅक्सीतून घरी आणावा लागला. तिला जे आवडायचं ते सगळं त्यालाही आवडायचं : जुनी गाणी, ताम्हिणीचा घाट, ज्वारीची भाकरी. पहिल्या नवऱ्याने जे जे दुखवलं, ते तिने सांगितलं आणि त्याने त्यातली एकेक गोष्ट उचलून ‘मी हे भरून काढेन’ असं वचन दिलं. स्वतःच्या फ्लॅटचा फोटो पाठवून खाली लिहिलं, ‘आपलं घर.’ पुढे होणाऱ्या मुलीचं नावही ठरवलं.

मला बरं वाटलं होतं. हे लिहायला जड जातं, पण खरं आहे. आमच्याकडे मुलाकडून घाई झाली की ती पसंतीची पावती मानतात. मी तेच केलं.

नवव्या दिवशी संध्याकाळी हिराक्का डबा द्यायला आल्या. वैशाली अंघोळीला गेली होती आणि तिचा फोन टेबलावर थरथरत होता. रिकामा डबा घेऊन भरलेला ठेवेपर्यंत तो अकरा वेळा वाजला.

“कुनाचं मढं पडलंय का?”

“नाही हो. वैशालीचं जमतंय.”

“किती दिस झालं?”

“नऊ.”

त्या खुर्चीवर बसल्या. एरवी त्या कधी बसायच्या नाहीत. “ताई, नऊ दिसांत मला तुमची भाजीतली आवड कळली न्हवती. त्याला हिचा जीव कसा कळला?”

मी वही काढून त्यांना सगळी कलमं वाचून दाखवली. त्यांनी एकविसाव्यापर्यंत ऐकलं. मग म्हणाल्या, “लई चांगली हाय. पर ह्यात ‘न्हाई’ म्हनल्यावर तो काय करतो, ते कुटंय?”

ते कुठेच नव्हतं.

वैशाली बाहेर आली. हिराक्कांनी तिला दोनच गोष्टी विचारल्या. आठवड्यात मैत्रिणींना किती वेळा भेटलीस? आणि त्याला शेवटचं ‘नको’ कधी म्हणालीस? वैशाली आठवू लागली. शुक्रवारी मैत्रिणींबरोबर जेवायला गेली होती, तेव्हा त्याने लिहिलं होतं, ‘मी तुझी वाट बघत बसलोय आणि तू हसतेयस.’ ती अर्ध्यातून उठून आली होती. ‘काळजी वाटते’ म्हणून तो तिच्या फोनवरून ती कुठे आहे ते दिवसभर बघत होता. तीन आठवड्यांत नोंदणी लग्न, नंतर नोकरी सोड, मी आहे ना, असं तो म्हणत होता. आणि एक गोष्ट तिने माझ्याकडे न बघता सांगितली : ‘आपल्यातलं आपल्यात ठेव, ताईला प्रत्येक गोष्ट कशाला?’

“म्हणजे तो फसवाच आहे म्हणता?” वैशालीचा आवाज चढला. “कोणी जीव लावला की तुम्हाला सगळ्यांना खुपतं!”

“मी कुटं फसवा म्हनले? घाई कुनालाबी व्हते, पोरी. माज्या धन्याला झालती. मी म्हनले, भाताची लावणी उरकू द्या. गेला गप, लावणी उरकल्यावर आला. खरा असंल तर हाबी थांबंल. त्याचा अपमान करू नको, भांडू नको. ग्वाड बोल, पर पाय रोवून.”

त्या संध्याकाळी आम्ही तिघींनी मिळून निरोप लिहिला. मी लिहिलेला पहिला मसुदा हिराक्कांनी नाकारला. “ही नोटीस झाली.” दुसऱ्यात वैशालीने कामाचं निमित्त सांगितलं होतं, तोही नाकारला. “निमित्त दिलं की तो निमित्त खोडून काढनार. तुजा सबाव सांग, तो कसा खोडंल?” शेवटी राहिलं ते असं : ‘तुमच्याशी बोलायला मला आवडतं. पण मी हळूहळू पुढे जाणारी आहे. लग्नाचा विषय आपण सहा महिन्यांनी काढू. रोज संध्याकाळी एकदा बोलू, रविवारी भेटू, कधीकधी ताईसोबत. भेटवस्तू सध्या नकोत. मी कुठे आहे ते फोनवर दिसणं आज बंद करतेय. तुमच्या मनात काय आहे तेही सांगा.’

पाच मिनिटांत उत्तर आलं. ‘तुझ्यासाठी शंभर वर्षं थांबेन.’

वैशालीने आमच्याकडे विजयाने पाहिलं. हिराक्का उठल्या. “पयल्या दिशी समदेच बरं म्हन्त्यात. चौथ्या दिशी बघ.”

मी वहीत नवं पान काढलं. दोन दिवस ठरल्याप्रमाणे एकेकच फोन आला. तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंतच सात. चौथ्या दिवशी ऑफिसात आधीपेक्षा मोठा गुच्छ. तिने ‘नको म्हटलं होतं ना’ असं शांतपणे सांगितलं, तर तो रडला : ‘तू माझ्या भावनांशी खेळतेस.’ पाचव्या दिवशी, ‘तुझ्या पहिल्या नवऱ्यामुळे तू माणसं ओळखायला विसरलीस.’ मग माझ्यावर आला : ‘स्वतःचा संसार झाला नाही म्हणून ताईला तुझाही नकोय.’ मग दीड दिवस एक अक्षर नाही. त्या दीड दिवसात वैशाली फोन हातात धरून बसली होती, जेवली नाही, दोनदा माफीचा निरोप लिहून खोडला. तो दीड दिवस मला सगळ्यांत भयंकर वाटतो. बाकीचं सगळं तो करत होता. त्या दिवसांत तो काहीच करत नव्हता, आणि तरी ती वितळत होती.

आठव्या दिवशी तो न सांगता सोसायटीच्या फाटकावर उभा राहिला. वैशाली खाली गेली, मी दहा पावलांवर. ती म्हणाली, “आपण रविवारी भेटायचं ठरलं होतं. आज मी भेटणार नाही.” तो हसत होता. हसतहसतच म्हणाला, “घटस्फोटित बाईला एवढा माज?”

तिने वर येऊन शेवटचा निरोप पाठवला, सगळे संदेश जपून ठेवले, त्याचा नंबर बंद केला. मी फाटकावर त्याचं नाव आणि गाडीचा नंबर देऊन आले. त्यानंतर ती पंधरा दिवस रडत होती. मला ते कळेना. सुटली की, मग रडायचं कशाला? हिराक्का म्हणाल्या, “रडू द्या, ताई. त्याचं खोटं व्हतं म्हनून हिला लागलं ते खोटं न्हाई.”

तेव्हाच त्यांनी मंगलचं सांगितलं. मंगल ही त्यांची एकुलती लेक. जमिनीच्या मोजणीला आलेल्या एकाने तिला पौडच्या दुकानात पाहिलं. चौथ्या दिवशी हिराक्कांना साडी, टोपलीभर फळं, पायावर डोकं : ‘आई, हिच्याशिवाय मी मरेन.’ वाडीतल्या बायका म्हणाल्या, नशीब काढलं पोरीने. हिराक्कांनी त्याच दिवशी होकार दिला. पंधराव्या दिवशी लग्न. वर्षभरात मंगलचा फोन गेला, मग माहेरपण गेलं. ‘माझ्यापेक्षा तुला आई जास्त?’ एवढ्या एका वाक्यावर.

“मारतो का?” मी विचारलं.

“म्हाईत न्हाई. तिला बोलायला सोडलं तर कळंल ना.” मग बराच वेळ त्या डब्याची कडी उघडबंद करत राहिल्या. “त्या दिशी फकस्त ‘उद्या सांगते’ म्हनायचं व्हतं, ताई. त्याचं खरं त्वांड दिसलं असतं मला.”

गेल्या थंडीत हिराक्का गेल्या. पोळ्या लाटताना छातीत कळ आली, दवाखान्यापर्यंतही पोचल्या नाहीत. वाडीत नेलं. पुढचं सगळं कोण करणार, म्हणून कामांची यादी मीच केली. मंगल येईपर्यंत थांबायचं ठरलं.

ती आली, नवऱ्यासोबत. चाळिशीची असेल, दिसत होती पन्नाशीची. त्याने तिचा हात एकदाही सोडला नाही. तिचे डोळे तोच पुसत होता, तिच्या वतीने तोच बोलत होता. माझ्या शेजारची बाई कुजबुजली, “बघा, किती जीव लावतो!” मी वैशालीकडे पाहिलं.

हिराक्कांना उचलून नेलं, आणि वीस मिनिटांत मंगलचा नवरा म्हणाला, “चल, उशीर होतोय.” वैशाली पुढे झाली. “मंगलताई, दहाव्याला याल ना?”

“दहाव्याला काय करायचंय? आता राहिलंय कोण इथे?” त्यानेच उत्तर दिलं. “नाही येणार म्हणून सांग त्यांना.”

मंगल आईच्या बंद दाराकडे बघत होती. खालच्या आवाजात, पण सगळ्यांना ऐकू येईल असं म्हणाली, “उद्या सांगते.”

त्याचं तोंड आम्ही सगळ्यांनी पाहिलं. शेजारच्या बाईनेही.

निघताना वैशालीने मंगलच्या मुठीत कागद दिला, त्यावर आमचा नंबर होता. दहाव्याला मंगल आली नाही. फोनही आलेला नाही. दहाव्याच्या यादीत आलेल्यांपुढे मी खूण केली, न आलेल्यांपुढे फुली. मंगलच्या नावापुढे फुली मारायला पेन टेकवलं आणि उचललं. तिथे ‘उद्या’ असं लिहून ठेवलं आहे.