गुळगुळीत चेहरा

त्या स्टुडिओची आठवण आली की मला आजही किळस येते. नव्वदचं दशक संपत आलं होतं. पनवेलला एसटी स्टँडजवळच्या एका फोटो स्टुडिओत मी कॉम्प्युटरवर बसत असे. काम एकच. गेलेल्या माणसांना जुन्या फोटोतून कापायचं आणि निळ्या आभाळावर चिकटवायचं. मालकांना आभाळासोबत धबधबाही लागायचा. मेलेल्या माणसामागे धबधबा! मला शिसारी यायची, पण गिऱ्हाईक खूश व्हायचं.

एकदा आपटा गावाहून एक बाई आल्या. नवऱ्याच्या पहिल्या वर्षश्राद्धाचा दिवस जवळ आला होता आणि त्याचा एकच फोटो त्यांच्याकडे होता. कुणाच्या तरी हळदीत, संध्याकाळी, एका पिवळ्या बल्बखाली काढलेला. पांढरा शर्ट घातलेला माणूस अंधारातून बघत होता आणि सगळ्या फोटोवर रवा सांडल्यासारखे दाणे होते. मालकांनी तो फोटो पावतीला स्टेपलर मारून माझ्याकडे फेकला. पिन शेजारच्या माणसाच्या खांद्यातून गेली होती, हेच नशीब.

स्कॅन करून मी कॉम्प्युटरमधल्या ‘जादूची कांडी’ नावाच्या नेहमीच्या अवजाराने त्या माणसाभोवती रेघ धरायला गेले. कांडी रंग बघून पसरते, पण तिथे प्रत्येक दाण्याचा रंग वेगळा. मग रेघ कुठे कानात शिरली, कुठे भिंतीत घुसली, आणि कापल्यावर खांद्याची कड उंदराने कुरतडल्यासारखी दिसायला लागली. निळ्या आभाळावर तर ते फारच भिकार दिसत होतं.

"आधी दाणे मार, मग काप," मालक म्हणाले. सल्ला खरा होता. मीडियन नावाचा फिल्टर प्रत्येक ठिपक्याला आजूबाजूच्या ठिपक्यांतला मधला रंग देतो, त्यामुळे सुटे दाणे विरतात आणि मोठी कड टिकते. मी तो अख्ख्या फोटोवर फिरवला, त्याच्या जोराचा आकडा जरा जास्तच ठेवला. आता कांडीने एका दमात सरळ रेघ धरली. खांदा, कान, केस, सगळं सुरेख सुटलं. स्वतःवर खूश होऊन मी त्याच फाइलवर सेव्ह केलं, कारण डिस्कवर जागा नसायची आणि दोन प्रती ठेवल्या की मालक ओरडायचे.

बाई न्यायला आल्या. फोटो हातात घेऊन कितीतरी वेळ बघत राहिल्या.

"ह्यो कोन?" त्यांनी विचारलं.

"तुमचेच मालक, मावशी," आमचे मालक हसले. "तोंडावरचे देवीचे व्रण घालवले. वर पैसे नाही लावले."

"घालवायला सांगितलं कुनी?" बाई म्हणाल्या. "देवी आली तवा त्याच्या घरची चार मानसं गेली. ह्यो एकटाच ऱ्हायला. ते व्रण नाय तं त्यो नाय."

तेव्हा मी स्क्रीनकडे पाहिलं. खरंच, व्रण म्हणजे तरी काय, बारीक ठिपकेच. फिल्टरला दाणा कुठला आणि व्रण कुठला हे कसं कळणार? ते मला कळायला हवं होतं. कडेच्या नादात मी चेहऱ्याकडे बघितलंच नव्हतं. मला माझीच किळस आली. मालक मात्र सुपारी चघळत "गावात कोण बघतंय" असं पुटपुटले, आणि तेव्हा मला त्यांच्या तोंडावर माऊस फेकावासा वाटला.

"मावशी, बसा. पुन्हा करते," मी म्हटलं.

मूळ फोटो पुन्हा स्कॅन केला. या वेळी त्याच्यावर त्याचीच दुसरी प्रत ठेवली आणि फिल्टर फक्त त्या वरच्या प्रतीवर चालवला. गुळगुळीत प्रतीवर रेघ धरली, जिथे शर्ट भिंतीत मिसळला होता तिथे हाताने नीट केली, कड किंचित मऊ केली. मग ती प्रत झाकून त्याच रेघेने खालचा मूळ माणूस कापला. कड साफ आली आणि चेहऱ्यावर दाण्यांसकट व्रण राहिले. धबधबा लावला नाही. मालकांना विचारलंही नाही.

बाईंनी नवा फोटो डोळ्यांजवळ नेला आणि गालावरून बोट फिरवलं. "हां. ह्यो," एवढंच म्हणाल्या.

तोवर आमच्या मालकांनी आधीचा फोटो शोकेसमध्ये नमुना म्हणून लावलाही होता. एवढा निर्लज्जपणा मी पुन्हा पाहिला नाही. बाईंनी काच सरकवली, तो काढला आणि सगळ्यांसमोर चार तुकडे केले. मालक ओरडायला लागले. मी कचऱ्याचा डबा पुढे केला.

बाईंनी तुकडे डब्यात टाकले नाहीत. एकेक उचलून पदराच्या टोकाला बांधले.

"तोंड त्याचं नाय," त्या म्हणाल्या, "पन शर्ट तं त्याचाच हाय ना, बाय."