सांगलीच्या पाण्याला दिलेला दोष

कोरेगावात माझं पार्लर आहे. गावातली एक मुलगी तिच्या लग्नाच्या आठवडाभर आधी केस सरळ, मऊ करणाऱ्या केराटिनला आली. केस मुळातच बारीक, त्यात साताऱ्यात स्ट्रेटनिंग करून झालेलं. मी एक ओला केस ताणून पाहिला. तो च्युइंगमसारखा लांबला आणि परत आखडला नाही. म्हणजे केस आतून आधीच खचलेले. तिथंच नको म्हणायला हवं होतं. पण गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल, म्हणून मी कामाला लागले.

बाटलीवर ‘फॉर्मल्डिहाइड-फ्री’, म्हणजे डोळ्यांना झोंबणारं ते रसायन नाही, असं छापलेलं होतं. तरी केसांवरून तापलेली इस्त्री फिरताच धुरानं दोघींच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

“आवं काकू, लय झोंबतंय!”

“आत्तापासनंच रडायला लागलीस व्हय, नवरीबाई?” मी हसण्यावारी नेलं. एसी चालू होता, म्हणून खिडकीही उघडली नाही.

दोन महिन्यांनी ती सांगलीहून, सासरहून आली. ओढणी काढली. केस जागोजाग तुटून बोटभर उरले होते.

“सासूबाई म्हणत्यात, तिथलं पाणी जड हाय, त्यानं झालं. खरं का वं?”

“व्हय,” मी म्हणाले.

“मग आता वाढायचेच न्हाईत. मला तर तिथंच ऱ्हायचंय.”

मुळातून नवे केस धड येतील, एवढं सांगितलं असतं तरी तिला धीर आला असता. पण ते सांगायचं तर दोष पाण्याचा नाही हे उघड झालं असतं, आणि माझं नाव आलं असतं.