बंद फाटकातून आरपार गेलेला ट्रॅक्टर

सोलापुरात गेम बनवणारी एकच कंपनी मला ठाऊक होती, मोबाइलच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावरची. तिथली मुलाखत फसली की सोमवारी पुण्याला जाऊन बँकेचं सॉफ्टवेअर करायचं, असं घरी ठरलेलं. मला गेमही करायचे होते आणि घरापासून लांबही जायचं नव्हतं. हावरट म्हणा हवं तर.

मुलाखत घेणाऱ्या मॅडमनी आधी गेम लूप विचारला. मी धडाधड सांगितलं: खेळणाऱ्याचं बोट कुठे पडलं ते बघायचं, त्यानुसार गेमचं जग पुढे सरकवायचं, चित्र काढायचं, की पुन्हा पहिल्यापासून. सेकंदाला साठ चित्रं हवीत, म्हणजे एकाच्या वाट्याला जेमतेम सोळा मिलिसेकंद.

मग त्यांनी माझा गेम एका जुन्या फोनवर लावला. गेम आमच्या श्रीपूरकडचा: उसाच्या फडातून ट्रॅक्टर काढून कारखान्यापर्यंत न्यायचा, फाटक बंद असेल तर तो धडकून थांबणार. माझ्या लॅपटॉपवर थांबायचा. इथे गचके खात आला आणि बंद फाटकातून आरपार आत!

"रांगेत नंबर लागायच्या आधीच घुसला की हा," मॅडम म्हणाल्या. पुणे मला डोळ्यांसमोर दिसायला लागलं.

चूक मात्र लगेच कळली. चित्राला उशीर झाला की माझा कोड ट्रॅक्टरला तेवढी मोठी उडी मारायला लावत होता. उडीआधी तो फाटकाच्या अलीकडे, नंतर पलीकडे. मधली टक्कर कुणी तपासतच नव्हतं.

"पण उशीर का होतोय? ऊस कसा तपासतेस?"

"एकेक. ट्रॅक्टरशी टक्कर होते का, आणि शेजारच्या प्रत्येक उसाशीही."

"अख्खा फड? प्रत्येक चित्राला?"

"उसवाल्याची पोरगी आहे, मॅडम. उसाचं एक टिपरूही सोडवत नाही."

मॅडम खळखळून हसल्या आणि लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. मी फडाचे चौकोनी वाफे पाडले. ट्रॅक्टर ज्या वाफ्यात, तो आणि त्याला लागून असलेले, तेवढेच ऊस तपासायचे. मोठ्या उडीऐवजी ठरावीक छोटी पावलं टाकायची आणि दर पावलाला टक्कर बघायची. पाऊल फाटकाच्या जाडीपेक्षा लहान ठेवलं.

पुन्हा तोच फोन. ट्रॅक्टर गचके न खाता फडातून निघाला, फाटकावर धाडकन आदळला आणि थांबला. मी खुर्चीतून उडालेच. मॅडम म्हणाल्या, "सोमवारी ये."

जिन्यातच अण्णांना, माझ्या वडिलांना, फोन लावला. ते कारखान्याबाहेर खरी ट्रॉली घेऊन रांगेत उभे होते.

"अण्णा, ट्रॅक्टर फाटकाला धडकला!"

"आरं देवा! कुणाला लागलं न्हाय न्हवं?"

"गेममधला, अण्णा! नोकरी लागली मला!"

"कुटं? पुण्याला?"

"न्हाय. हितंच, सोलापुरात."

अण्णांनी ट्रॅक्टरचा हॉर्न दाबला तो दाबूनच धरला. रांग हलली असं वाटून मागच्या सगळ्यांनीही हॉर्न वाजवले, आणि मी जिन्यात उभी राहून हसत हसत रडले.