तिच्या गोळ्या, त्याचं लोह

लोहाच्या टॉनिकचा वास मला आजही सहन होत नाही. गंजक्या पत्र्यावर साखरेचा पाक ओतावा तसा तो वास. नव्वदच्या दशकात रोह्यातल्या एका दवाखान्याला लागून माझी रक्त तपासायची खोली होती आणि तो वास तिथल्या भिंतींत मुरला होता. रोज सकाळी पेणहून एसटी पकडायची, गडब, नागोठणं करत रोह्याला उतरायचं आणि दिवसभर लोकांना सुया टोचायच्या. संध्याकाळी घरी आल्यावर साबणाने हात धुतले तरी बोटांना तो वास असायचाच.

त्या दवाखान्यातल्या डॉक्टरांकडे आजार एकच होता, अशक्तपणा. औषधही एकच, तांबडी बाटली. कंपनीत शिफ्ट करून दमलेल्याला तीच, बाळंतिणीला तीच, परीक्षेला बसलेल्या पोराला तीच. लोकांनाही तेच हवं असायचं. नुसता सल्ला देऊन पाठवलं तर बाहेर जाऊन म्हणायचे, डॉक्टरांनी काय दिलंच नाय. डॉक्टर हुशार होते, त्यांनी लोकांना कधी निराश केलं नाही. मला त्यांची किळस यायची, आणि पगार मात्र मी त्यांच्याच हातून घेत होते.

रोह्याजवळच्या वरसेहून एक जोडपं यायचं. तो मूळचा पेणच्या खाडीकाठचा, मिठागरात राबणाऱ्या घरातला, आता कंपनीत ऑपरेटर. वय चाळीसच्या पुढे. बायको त्याच्याहून सात-आठ वर्षांनी लहान. पहिल्यांदा आली तेव्हा तिच्या बोटातून आलेला थेंब बघूनच मला कळलं. रक्त कसलं, रंगीत पाणी. हिमोग्लोबिन सहा, बाईला बारा तरी हवं. नखं मधे खोल गेलेली, त्यांवर पाण्याचा थेंब ठेवला तर राहील अशी. पाळी दहा-दहा दिवस चालायची. खोदून विचारल्यावर लाजत म्हणाली की चुलीची भाजकी माती खाते, खाल्ल्याशिवाय राहवत नाही. लोह कमी पडलं की माणसाला माती, कच्चे तांदूळ असलं काहीतरी खावंसं वाटतं. सासू तिला त्यावरून हावरट म्हणायची.

उपकेंद्रातली नर्स तिला महिन्याच्या महिन्याला लाल गोळ्या देत होती. मग रक्त वाढत का नाही, असं मी विचारलं. तिने अगदी सहज सांगितलं, "त्या ह्यांना देते. कमावता माणूस हाय, शिफ्टला दम लागतो." त्यात लपवण्यासारखं तिला काहीच वाटलं नाही. कलेजी आणली तर ती त्याच्या ताटात, बाटली आणली तर ती त्याला आणि नर्सने दिलेल्या गोळ्याही त्यालाच. आमच्याकडे घरोघरी हेच. बाईचं रक्त म्हणजे वाहून जायचीच वस्तू, तिच्यावर कोण खर्च करतो?

आणि त्याचं हिमोग्लोबिन सोळा होतं. सोळा! पण अंगात त्राण नाही, साखर वाढलेली, दोन्ही हातांची तर्जनी आणि मधलं बोट मुळाशी सुजलेलं. मूठ नीट वळायची नाही. कातडीला राखाडी-तांबूस झाक आलेली. कंपनीतले म्हणायचे, केमिकलने काळा पडला. डॉक्टरांच्या हाताला यकृत वाढलेलं लागलं, तेव्हा त्यांनी कागदावर लिहिलं, 'दारू?' पुढच्या खेपेला ते प्रश्नचिन्हही गळालं. तो शपथेवर सांगायचा की कधी थेंब घेतला नाही. कोणी ऐकलं नाही. पोट वाढलेला कामगार म्हणजे दारुडा, हे ठरलेलंच. गल्लीतल्या बायका त्याच्या बायकोची कीव करायच्या, आणि ती बिचारी खाली मान घालून ऐकायची.

त्याच सुमारास एक विक्रेता रक्तातलं लोह मोजायच्या रसायनाची पेटी नमुना म्हणून ठेवून गेला. पेटी चांगली आहे का हे बघायला मला दोन नमुने हवे होते, एक लोह कमी असलेला आणि एक धडधाकट माणसाचा. त्या दिवशी हे दोघं बाकावर बसले होते. कमीसाठी तिचं रक्त घेतलं आणि सोळा हिमोग्लोबिनचा धडधाकट म्हणून त्याचं.

रक्तात लोह एका प्रथिनावर बसून फिरतं. निरोगी माणसात त्याच्या तीन जागांतली साधारण एक भरलेली असते. तिचं प्रथिन जवळजवळ रिकामं निघालं. त्याचं शंभरात चौऱ्याण्णव भरलेलं. मला वाटलं नळीत कुठून तरी गंज मिसळला असेल. नळ्या बदलल्या, माझं स्वतःचं रक्त लावलं, ते बरोबर आलं. त्याला आठवडाभर गोळ्या बंद करायला लावून उपाशीपोटी पुन्हा बोलावलं. पुन्हा नव्वदच्या वर.

कागद घेऊन मी डॉक्टरांकडे गेले. या माणसाला लोह द्यायचं नाही, असं पुस्तकात वाचलं होतं तेवढं सांगितलं. त्यांनी कागदाकडे बघितलंही नाही. अशक्त माणसात लोह जास्त कसं असेल, तुमची पेटी फुकटातली, असं काहीतरी म्हणाले आणि शेवटी, "तुम्ही आकडे द्या. निदान मी करतो."

मी कागद टेबलाच्या खणात ठेवला. आठ महिने. त्या आठ महिन्यांत तो दर पंधरा दिवसांनी येऊन माझ्या डोळ्यांदेखत तांबडी बाटली घेऊन जात होता. गोळ्या घेऊ नका, एवढं मी एकदा त्याला हळूच म्हटलं. तो म्हणाला, डॉक्टरांनी चालू ठेवायला सांगितलंय. मी गप्प बसले. नोकरी होती ना.

मग एक दिवस त्याच्या पायांवर सूज आली, पोटात पाणी झालं, चार पावलं चालला की धाप. त्याला मुंबईला पाठवायचं ठरलं, तेव्हा कुठे मी तो कागद त्याच्या फायलीत सरकवला. तिथल्या डॉक्टरांनी यकृताचा बारीक तुकडा काढून लोह दाखवणाऱ्या रंगात बुडवला. तो निळा निळा झाला. यकृत लोहाने भरून कडक होऊन गेलं होतं. तेच लोह स्वादुपिंडात, म्हणून साखर. हृदयात, म्हणून धाप. सांध्यांत, म्हणून बोटं. दोष जन्मतःच आलेला. आई आणि बाप दोघांकडून एक-एक घेतला की आजार होतो, आणि याचे आईबाप मामे-आते भावंडं. मुंबईहून आलेल्या पत्रात उपचार होता तो असा: लोह बंद, दारू असल्यास बंद, दर आठवड्याला एक बाटली रक्त काढून टाका, भावंडांना तपासा.

हे त्या दोघांना समजावायचं काम डॉक्टरांनी माझ्यावर ढकललं. तोंड नव्हतं त्यांना. तो खाडीकाठचा, म्हणून मी बांधातल्या उघाडीचं सांगितलं, म्हणजे खाडीचं पाणी आत घ्यायच्या, अडवायच्या दाराचं. शरीराला लोह आत घ्यायला आतड्यात दार आहे, बाहेर टाकायला दारच नाही. साठा भरला की आतलं दार मिटतं, साठा आटला की उघडतं. एवढाच काय तो बंदोबस्त. तुमच्या बायकोचं दार सताड उघडं आहे, पण भरतीच येत नाही, वरून दर महिन्याला गळती. तुमचं मिठागर काठोकाठ भरलंय, तरी दार मिटत नाही. दाराला 'मीट' असा निरोप यकृतच पाठवतं आणि याच्या अंगात तो निरोपच अपुरा असतो, हे पुढे काही वर्षांनी कळलं. तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हतं.

त्याने सुजलेली बोटं वळवून बघितली. म्हणाला, "पाणी उडून जातं, मीठ राहतं. तसंच ना?" माझ्यापेक्षा त्याने बरं सांगितलं.

मग दर मंगळवारी मी त्याचं रक्त काढायला लागले. रक्तातच सगळ्यात जास्त लोह, म्हणून रक्त काढलं की शरीर नवं बनवायला साठ्यातलं लोह उपसतं. काढलेली बाटली मोरीत ओतायची. आजाऱ्याचं रक्त कोण घेणार? गरम, दाट, काळपट लाल रक्त मोरीच्या जाळीतून गुडगुड करत जायचं.  दारात त्याची बायको उभी राहून बघायची, चेहरा पांढराफटक. एकदा म्हणाली, "ताई, ते माझ्यात घाला की. ओतताव कशाला?"

मी तिच्यावर ओरडले. तुला त्याचं रक्त नको, तुझ्या गोळ्या तू गिळ, म्हटलं. जंताचं औषध आधी, मग रोज गोळी, वर लिंबू, जेवणावर चहा बंद. माझ्यासमोर गिळायला लावायची. तीन-चार महिन्यांत ती अकरावर आली. माती सुटली, नखं वर आली. इतकं सोपं होतं! वर्षानुवर्षं जी बाई जिना चढताना कठड्याला धरून थांबायची, ती काही महिन्यांच्या गोळ्यांनी उभी राहिली. तिचं जे बिघडलं होतं ते भरून आलं.

त्याचं भरून आलं नाही. रंग निवळला, धाप कमी झाली. पण साखरेची इंजेक्शनं सुटली नाहीत आणि कडक झालेलं यकृत मऊ होत नसतं. दीड वर्षाने त्याच्या अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटल्या आणि तो रक्ताच्या उलट्या करत गेला. गावाने निवाडा दिला: रक्त काढून काढून मारला. डॉक्टर तेराव्याला जाऊन जेवून आले आणि लोकांना सांगत राहिले, पीत होता हो.

दोन महिन्यांनी ती आली, बरोबर त्याचा धाकटा भाऊ. पेणला खाडीकाठीच राहणारा, पस्तिशीचा, हाडाने धिप्पाड आणि भीतीने घामाघूम. गाव त्याला येऊ देत नव्हतं. तिने त्याला मनगटाला धरून आणलं होतं. त्याचं प्रथिन ऐंशीच्या वर भरलेलं निघालं. यकृत अजून धड, साखर नाही. वेळेत सापडला होता.

"काढा ह्याचं रक्त," ती म्हणाली. "मोरीत ओतलं तरी चालंल."

मी सुई टोचली, त्याने डोळे मिटून घेतले. बाटली भरत असताना तिने खाली बघत विचारलं, "माझ्या गोळ्या खाल्ल्या म्हणून ते गेले काय, ताई?"

मी नाही म्हटलं. दोष जन्माचा होता, गोळ्यांनी थोडी भर पडली, तुला माहीत नव्हतं. हे खरं होतं. आठ महिन्यांत यकृत कडक होत नाही, ते आधीच झालं असणार, हेही बहुधा खरं. ती पदराने डोळे पुसून म्हणाली, तुमच्यामुळं कळलं तरी, नायतर ह्यो पण गेला असता. आणि वाकून माझ्या पाया पडली.

मी तिला उठवलं नाही, खणातल्या कागदाबद्दल सांगितलंही नाही. 'मला माहीत होतं', एवढंसुद्धा बोलले नाही. भावाची बाटली भरली तशी मी ती मोरीत ओतली आणि वर बादलीभर पाणी टाकलं.