बाटली मी बदलली होती

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नाही. विषय निघाला की उठून पाणी प्यायला जायचो. माझ्या बायकोलाही शेवटपर्यंत कळू दिलं नाही. पण मंगरूळपीरात अजून लोक म्हणतात की माझ्या सुनेनं एका पोरीचे केस जाळले. ते खरं नाही, आणि ते मीच सांगायला हवं.

बसस्टँडजवळ माझं पुरुषांचं केशकर्तनालय होतं. चाळीस वर्षं चालवलं. हाताला कंप सुटला तेव्हा कात्री ठेवली, आणि सुनेनं त्याच गाळ्यात आरसे बदलून लेडीज पार्लर सुरू केलं. ती अकोल्याला शिकून आली होती. हात चांगला होता तिचा. आसेगाव, किन्हीराजाहून बाया यायच्या. मी दाराशी खुर्ची टाकून बसायचो आणि तिच्या बाटल्यांना हसायचो.

त्यातली एक बाटली बॉण्ड जोडणाऱ्या औषधाची. रंग काढलेल्या, रंगवलेल्या केसांसाठी. तिनं मला समजावलं होतं, "मामाजी, केसाच्या आत गंधकाच्या जोड्या असतात. त्याच्यानंच केस मजबूत राह्यते. ब्लीच केलं का त्या तुटतात. हे तुटलेली टोकं पकडून पुन्हा जोडते म्हणे."

"म्हणे?" मी म्हणालो. "केस मेलेला असते पोरी. मेलेल्याले कायचं औषध?"

"तुमी चाळीस साल दाढ्याच केल्या," ती हसून म्हणाली. "तुमाले काय समजणार!"

दुकानात बसलेल्या बायाही हसल्या. मीही हसलो, पण ते मला लागलं होतं.

या औषधाचे दोन प्रकार मिळायचे. पार्लरवाल्यांचं जास्त ताकदीचं, ते मोजून ब्लीचमध्येच कालवायचं आणि धुतल्यावर दुसऱ्या बाटलीतलं लावायचं. आणि घरी वापरायचं, त्यात तेच द्रव्य पण कमी, आठवड्यातून एकदा केस धुण्याआधी लावायचं.

एका शिक्षकाच्या मुलीचा साखरपुडा ठरला होता. तिला केसांत सोनेरी बटा हव्या होत्या. पोरीनं पाच वर्षं घरीच डब्यातला काळा रंग लावलेला. असा रंग एकावर एक बसलेला असला की तो सहज उतरत नाही, केसही आधीच दमलेला असतो. सून घाईत हो म्हणाली नाही. तिनं कानामागची बारीक बट घेऊन आधी करून पाहिली. बाटलीत उरलेलं शेवटचं औषध त्यातच संपलं. बट टिकली. ओढून पाहिली, तुटली नाही. मग तिनं पोरीला परवाची वेळ दिली आणि मला म्हणाली, "मामाजी, उद्या अकोल्याले जाऊन ही बाटली आणसान का? हेच, पार्लरचंच. दुसरं नोको."

दुसऱ्या दिवशी मी निघालो. स्टँडसमोरच्या हॉटेलात जुने सोबती भेटले, चहात गाडी गेली. पुढची गाडी होती. पण गुडघा दुखत होता, आणि मनात आलं, बाटलीतल्या पाण्यासाठी एवढी पायपीट कायले? गावातल्याच कॉस्मेटिकच्या दुकानात त्याच कामाची घरी वापरायची बाटली मिळाली. पाण्यासारखंच पातळ. दुकानदार म्हणाला, "एकच आहे चाचा, नाव पहा ना." रिकामी पार्लरची बाटली सुनेनं नमुन्याला माझ्याच पिशवीत दिली होती. घरामागच्या नळाजवळ बसून मी घरचं औषध त्या पार्लरच्या बाटलीत ओतलं आणि नवी आणली म्हणून सुनेला दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ब्लीच कालवताना तिनं बाटली उजेडात धरली.

"हे पांढरट दिसून राह्यलं मामाजी. पयले पिवळसर राहे."

तेव्हा सांगता आलं असतं. पोरगी खुर्चीवर बसली होती, पण केसाला अजून काहीही लागलेलं नव्हतं.

"नवा माल तसाच येते," मी म्हणालो.

तिनं माझ्यावर विश्वास ठेवला. सासरा खोटं बोलेल असं तिला का वाटावं?

रंग उतरेना. खऱ्या औषधानंही ब्लीच थोडं मंदावतं, म्हणून तिला शंका आली नाही. औषध आत आहे या धीरावर तिनं वेळ थोडा वाढवला. मग केस धुवायला घेतले, आणि मला बाहेर तिचा आवाज ऐकू आला, "अरे देवा." ओला केस रबरासारखा ताणला जात होता आणि परत येत नव्हता. बटा तिच्या हातात येत होत्या. पोरीनं आरशात पाहिलं आणि ती रडलीसुद्धा नाही, नुसती केस गोळा करत राहिली.

संध्याकाळी पोरीची आई आली. "माह्या पोरीचा साखरपुडा डोक्यावर पदर घेऊन करू का मी आता?" असं सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलली. सून हात जोडून उभी होती. "काकू, माहीच चूक झाली. मी वेळ जास्त ठेवला." मी दाराशी खुर्चीवर दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलो होतो.

पोरीचं लग्न पुढे ठरलेल्याच घरी झालं. पण पार्लर राहिलं नाही. बाया येईनात. येणारी एखादी फक्त भुवया करायला यायची आणि ब्लीचचा डबा दिसला की विचारायची, "थे तुमीच का हो?" वर्षभरात सुनेनं आरसे विकले. ती आणि मुलगा अकोल्याला गेले. आता ती तिथं दुसऱ्याच्या पार्लरमध्ये काम करते. जाताना मला म्हणाली, "मामाजी, माह्या हातालेच गुण नाही."

मला खात्री करून घ्यायची होती. खरं सांगायचं तर सुटका हवी होती. अकोल्यात रंगकाम शिकवणाऱ्या एका बाईंना मी गाठलं आणि दुसऱ्याची गोष्ट म्हणून विचारलं. त्या म्हणाल्या, औषध खरंच जोड्या जोडतं की केसाला फक्त आधार देतं, यावर अजून एकमत नाही. चाचण्या बहुतेक कंपन्यांच्याच. रंग झाल्यावर लावायला घरचं आणि पार्लरचं यात फार फरक नाही. पार्लरचा फायदा एवढाच की ते ब्लीच चालू असतानाच आत असतं. घरचं त्यात ओतलं तर ब्लीच पातळ होतं, द्रव्यही पुरत नाही. "पण खरं असतं तरी केस वाचलेच असते असं नाही काका," त्या म्हणाल्या. "पाच वर्षांचा काळा रंग. मी सांगू शकत नाही."

मला वाटलं होतं, हे ऐकून हलकं वाटेल. वाटलं नाही. केस वाचले असते की नाही, ते कुणालाच माहीत नाही. ती बट मात्र टिकली होती. आणि सुनेनं विचारलं होतं, मी खोटं बोललो होतो.

मागच्या हिवाळ्यात मी तिच्याकडे गेलो. ठरवून गेलो होतो. वाक्यही बसमध्ये जुळवलं होतं. रविवार होता. ती म्हणाली, "केस किती वाढले मामाजी, बसा." घरच्या मोरीपाशी स्टूल ठेवून तिनं माझं डोकं धुतलं. माझे पांढरे, विरळ केस ती जपून, टोकापासून सोडवत होती. मी डोळे मिटून घेतले. तोंड उघडलं.

"पाणी जास्त गरम तं नाही ना?" तिनं विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "बरोबर आहे."

पोरी, बाटली मी बदलली होती. तुझ्या हाताचा दोष नव्हता. मला माफ कर. एवढंच म्हणायचं होतं.