एक गोळी जास्त

गुरुदास आणि मंगेश यांना एकाच आठवड्यात टीबी निघाला. आरोग्य केंद्रातले फॉर्म मी भरले. आमच्या वाडीत कागदाचं काम माझ्याकडे येतं, कारण मी बी.ए. आहे. मंगेशच्या व्यवसायापुढे मी 'मासेमारी' लिहिलं. गुरुदासपुढे 'शेती'. त्याची दहा गुंठे भातशेती आहे. आमच्याकडे कुणाला विचारलं तरी तो शेतीच सांगतो.

गोळ्या वजनावर मिळतात. मंगेश त्रेपन्न किलोचा, त्याला रोज चार. गुरुदास शेहेचाळीस, त्याला तीन.

"तेका चार आणि माका तीन?" गुरुदास म्हणाला. "माझो रोग काय कमी आसा?"

"तुझा वजन कमी आसा," मी म्हणालो.

"वजन रोगानच कमी झाला मा?"

मी गोळ्यांचं पाकीट त्याच्या हातात दिलं.

लहानपणापासून गुरुदास पुढे आणि मंगेश मागे, असंच चालत आलं होतं. पोहण्यात, कबड्डीत, जत्रेतल्या पालखीच्या खांद्यातसुद्धा. देवळापर्यंतची घाटी चढताना पालखीचा पुढचा डावा खांदा गुरुदासचा. मंगेश मागे.

चौथ्या महिन्यात मंगेश सहा किलोंनी भरला आणि पुन्हा होडीवर जाऊ लागला. गोळ्या चारच होत्या, पण गाल भरले होते. गुरुदासचा ताप गेला, खोकला कमी झाला, पण विहिरीवरून कळशी आणताना त्याला दोनदा बसावं लागे. तो ओट्यावर बसून समोरच्या वाटेने जाणाऱ्या मंगेशकडे बघायचा.

"गालफाडा बघ तेची," तो म्हणायचा. "चौथ्या गोळयेची करामत."

मंगेशच्या कानावर ते गेलं. तो भाबडा आहे. दुसऱ्या दिवशी तो आपली एक गोळी घेऊन आला.

"घे रे. माका आता काय होता?"

बारा दिवस हे चाललं. तेराव्या दिवशी गुरुदासला सारख्या उलट्या होऊ लागल्या. त्याची बायको सुगंधा आणि मी त्याला तालुक्याच्या दवाखान्यात घेऊन गेलो. तिथल्या डॉक्टर विनीता यांनी विचारून विचारून सगळं बाहेर काढलं. मंगेशला फोन करून बोलावलं आणि दोघांना सोबत झापलं. एकाच्या यकृतावर ताण आला होता. दुसऱ्याचं औषध कमी पडून टीबी चिवट होण्याची भीती होती. थुंकी तपासली. दोघांची साफ होती.

"मग हेका धाप कशी?" सुगंधाने विचारलं.

तेव्हा पहिल्यांदा गुरुदासच्या छातीचा फोटो काढला गेला. डॉक्टरांनी तो उजेडासमोर धरला.

"काय काम करता?"

"शेती," गुरुदास म्हणाला.

"आणखी?"

बोलली सुगंधा.

"चौदा वर्सां खाणीत भोकां पाडतत. घराक येतत तेव्हा पापणये पांढरे असतत."

सड्यावरच्या, म्हणजे वरच्या कातळमाळावरच्या, खाणीतला दगड काचेसारखा पांढरा आहे. यंत्राने त्यात सुरुंगाची भोकं पाडतात. पाणी सोडून पाडली तर धूळ बसते, पण चिखल होतो आणि काम रेंगाळतं, म्हणून कोरडीच पाडतात. तोंडाला टॉवेल. संध्याकाळी गुळाचा खडा, धूळ उतरते म्हणून.

"गूळ पोटात जातो," डॉक्टर म्हणाल्या. "धूळ फुप्फुसात. टॉवेलमधूनही जाते."

त्यांनी फोटोत दाखवलं. दोन्ही फुप्फुसांच्या वरच्या भागात बारीक दाणे, रव्यासारखे. दगडाची धूळ आत रुतली की तिच्याभोवती फुप्फुस घट्ट होत जातं. सिलिकोसिस. ते सुटं करणारं औषध नाही. खाण सोडली तरी ते वाढू शकतं, पण न सोडता नक्की वाढतं. अशा छातीत टीबीही सहज शिरतो आणि बरा होऊन परत येऊ शकतो. म्हणून त्याच्या गोळ्या आणखी काही महिने चालणार होत्या. तीनच.

"फॉर्मवर खाण लिहिलं असतं, तर फोटो आधीच काढला असता," त्या म्हणाल्या. कुणाकडे बघून नव्हे. मी फळीवरच्या औषधांची नावं वाचत राहिलो.

गुरुदासने एकच विचारलं. "मंगेशचो फोटो?"

मंगेशचाही काढला. त्याच्या फुप्फुसात एक जुना डाग होता. बाकी स्वच्छ.

जत्रेला पालखी निघाली. गुरुदासने खाण सोडली होती. घाटीच्या पायथ्याशी त्याने पालखीच्या दांड्याखाली घ्यायचा पंचा आपल्या खांद्यावरून काढून मंगेशच्या खांद्यावर ठेवला. पालखी वर गेली. आम्ही दोघे खालच्या पायरीवर बसलो. मी सोबत सिलिकोसिसच्या प्रमाणपत्राचा अर्ज आणला होता, भरपाई मागायला तो लागतो. व्यवसायापुढे 'खाणकाम, चौदा वर्षं' लिहून त्याला दाखवला. त्याने वाचला नाही. तो वर बघत होता. मंगेश एकदाही न थांबता वळणापलीकडे गेला.

"नुसतो टीबी," गुरुदास म्हणाला. "नशीबवान आसा मेलो."